‘एक्स-रे नॉर्मल आहे’ : मनगटातल्या एका काजूएवढ्या हाडाची गोष्ट

गेल्या वर्षी जूनमध्ये तेवीस वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर ओपीडीत आला. पोलीस भरतीची तयारी करत होता. धावण्यात अडचण नव्हती, पण गोळाफेकीचा सराव सुरू केला की उजव्या मनगटात अंगठ्याच्या बाजूला कळ यायची. जोर मारताना तळहात जमिनीवर टेकवता येत नव्हता, म्हणून तो मुठी वळून जोर मारायचा. मूठ वळली की मनगट सरळ राहतं आणि दुखत नाही, हे त्याचं त्यानंच शोधून काढलं होतं.

“मनगटावर कधी पडला होतास का?” मी विचारलं.

“नाही सर.”

“अरे, नाही काय?” वडील म्हणाले. “मागच्या पावसाळ्यात गाडी घसरली नव्हती का तुझी?”

तेव्हा आठवलं. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली, हा पुढे फेकला गेला आणि तोंड वाचवायला हात पुढे करून तळहातावर पडला. मनगट सुजलं होतं. त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला. “फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे,” असं सांगून क्रेप बँडेज आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आठ-दहा दिवसांत सूज उतरली. पुढे गावातल्या एकांनी तेल लावून मनगट चोळूनही दिलं. दोन-तीन महिन्यांत दुखणं इतकं कमी झालं की तो पडल्याचंच विसरून गेला.

वडिलांनी तो जुना एक्स-रे जपून ठेवला होता. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मी तो उजेडासमोर धरून पुष्कळ वेळ पाहिला. आज जे मला ठाऊक आहे, ते ठाऊक असूनही मला त्यात मोडल्याची रेघ दिसली नाही. म्हणजे त्या डॉक्टरांनी फिल्म चुकीची वाचली नव्हती. चूक झाली होती ती त्या फिल्मवर विश्वास ठेवून विषय तिथेच संपवण्यात.

नवीन एक्स-रे काढला. या वेळी मनगट करंगळीच्या बाजूला वळवून खास कोनातून काढायला सांगितलं. मनगटातल्या एका छोट्या हाडाच्या बरोबर मधोमध काळी फट होती. फटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या, घट्ट झालेल्या. हाड अकरा महिन्यांपूर्वी मोडलं होतं आणि अजून जुळलेलंच नव्हतं.

या हाडाचं नाव स्कॅफॉइड. ते मोडणं, ते न दिसणं आणि ‘मुरगळलं असेल’ म्हणून सोडून देणं, ही गोष्ट सव्वाशे वर्षं जुनी आहे. डॉक्टरांनी ती कशी ओळखायला शिकली आणि शिकूनही पुन्हा पुन्हा कशी विसरली, ते कळलं तर तुमच्या घरात कुणी असं पडल्यावर काय विचारायचं, तेही कळेल. म्हणून आज थोडा इतिहास.

नाव आणि जागा

मनगटात छोटी छोटी आठ हाडं असतात, चार-चारच्या दोन ओळींत. स्कॅफॉइड हे अंगठ्याच्या बाजूचं. ग्रीक भाषेत ‘स्काफे’ म्हणजे होडी, त्यावरून हे नाव. जर्मन डॉक्टरही त्याला ‘होडीचं हाड’च म्हणतात आणि आपल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकांत ते ‘नौकाकृती’ असतं. खरं सांगायचं तर मला ते होडीपेक्षा काजूगरासारखं दिसतं. आकारही साधारण मोठ्या काजूएवढा, आणि मध्ये तशीच बारीक कंबर.

बाकीची हाडं आपापल्या ओळीत राहतात. हे मात्र तिरकं पडून दोन्ही ओळींना जोडतं, दोन पायऱ्यांवर आडव्या ठेवलेल्या फळीसारखं. माणूस पसरलेल्या हातावर पडला की मनगट मागे वाकतं, वरच्या ओळीवर सगळं वजन येतं आणि खालची ओळ जागची हलत नाही. मग ही फळी मधोमध, कमरेत मोडते. १९७८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मृतदेहांच्या मनगटांवर हा प्रयोग केला. मनगट काटकोनाहून थोडं जास्त मागे वाकवून तळव्याच्या अंगठ्याकडच्या भागावर दाब दिला, तर हे हाड बरोबर कमरेतच मोडायचं.

तसंच पडलेल्या साठीच्या बाईचं बहुधा हे हाड मोडत नाही. तिचं हाताचं मोठं हाड, म्हणजे रेडियस, ठिसूळ झालेलं असतं आणि तेच आधी मोडतं. लहान मुलांत बऱ्याचदा त्याच रेडियसच्या वाढीच्या जागी इजा होते. विशी-तिशीतल्या तरुणाचं रेडियस भक्कम असतं. ते टिकतं आणि मार पुढच्या छोट्या हाडावर जातो. म्हणून हा आजार मुख्यतः तरुणांचा, त्यातही मुलांचा जास्त. आणि तरुण मुलगा दुखणं अंगावर काढण्यात पटाईत असतो, हे वेगळं सांगायला नको.

हाताचा पहिला फोटो

१८१४ साली डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलिस यांनी रेडियसच्या मनगटाजवळच्या फ्रॅक्चरवर एक लेख लिहिला. तेव्हा एक्स-रे नव्हता. त्यांनी नुसतं डोळ्यांनी पाहून आणि हातांनी चाचपून ते ओळखलं. ते शक्य झालं, कारण त्या फ्रॅक्चरमध्ये मनगट उपड्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखं वाकडं दिसतं. म्हातारी पडली, हात वाकडा झाला, की घरच्यांनाही कळतं.

स्कॅफॉइड मोडलं तर बाहेरून काहीच वाकडं दिसत नाही. थोडी सूज, थोडं दुखणं, बोटं हलतात, मूठही वळते. त्यामुळे एक्स-रेपूर्वीच्या काळात हे फ्रॅक्चर जवळपास अस्तित्वातच नव्हतं. असे सगळे रुग्ण ‘मनगट मुरगळलं’ या एकाच खोक्यात जायचे. त्यांतल्या काहींची मनगटं महिनोन् महिने का दुखत राहतात आणि पुढे आखडतात का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना एक्स-किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र काढलं. हाडं आणि बोटातली अंगठी दिसणारं ते चित्र तुम्ही पाहिलं असेल. पुढच्या काही महिन्यांत युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे ही यंत्रं पोचली. सुरुवातीची यंत्रं अशक्त होती. छाती-पोटाचं चित्र काढणं कठीण होतं. हात मात्र पातळ, स्थिर ठेवायला सोपा, त्यामुळे हातांची आणि मनगटांची चित्रं भराभर निघू लागली. आणि ‘मुरगळलेल्या’ मनगटांत मोडलेली हाडं दिसू लागली.

फ्रान्समधल्या लियोंमध्ये एतिएन देस्तो नावाचे डॉक्टर हे काम चिकाटीनं करत होते. १९०५ साली त्यांनी मनगटावर पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या नावातच ‘कामावरचे अपघात’ होते. हे उगाच नव्हतं. १८९८ मध्ये फ्रान्समध्ये कायदा झाला की कामावर इजा झालेल्या कामगाराला मालकानं भरपाई द्यायची. तोवर दुखऱ्या मनगटाचा कामगार हा त्याचा तो प्रश्न होता. आता तो पैशांचा प्रश्न झाला. हा माणूस खरंच दुखतंय म्हणतोय की कामचुकारपणा करतोय, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. पडद्यावर मोडलेलं हाड दाखवता आलं की वादच मिटला. अशा निर्णयांत किती ‘कामचुकार’ निर्दोष ठरले असतील, असं मला नेहमी वाटतं.

तपकिरीचा खळगा

त्याच वर्षी, १९०५ मध्ये, अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन आणि चेस या दोघांनी तीस रुग्णांच्या अनुभवावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : हे फ्रॅक्चर दुर्मीळ नाही, ते मुरगळण्याच्या नावाखाली लपलेलं आहे. कॉडमन एक्स-रेचे उत्साही होते. अगदी सुरुवातीपासून ते या यंत्राबरोबर काम करत होते. तरीही त्या लेखातली माझ्या मते सर्वांत टिकाऊ गोष्ट एक्स-रेची नाही, बोटाची आहे.

त्यांनी सांगितलेली लक्षणं अशी : पसरलेल्या हातावर पडल्याची हकिगत, मनगटाच्या फक्त अंगठ्याकडच्या अर्ध्या भागात सूज, मनगट मागे वाकवायला गेलं की स्नायू ते घट्ट धरून ठेवतात आणि जोर केला तर असह्य कळ, आणि ‘तपकिरीच्या खळग्यात’ दाबलं की तीव्र दुखणं.

हा खळगा तुम्हालाही सापडेल. अंगठा वर, मागच्या बाजूला ताणा, जसा ‘लिफ्ट द्या’ म्हणताना करतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन दोऱ्या वर येतात आणि त्यांच्यामध्ये खोलगट जागा तयार होते. युरोपात लोक तिथे चिमूटभर तपकीर ठेवून नाकाशी न्यायचे, म्हणून शरीरशास्त्रात तिचं नावच ‘तपकिरीची डबी’ पडलं. या खळग्याच्या तळाशी बरोबर स्कॅफॉइडची कंबर असते.

इथे दाबून पाहताना एक पथ्य आहे. ही जागा निरोगी माणसालाही जोरात दाबली तर दुखते, कारण वरून एक नाजूक नस जाते. म्हणून आधी चांगला हात दाबायचा, मग दुखरा, आणि दोन्हींत फरक आहे का ते पाहायचं. शिवाय आणखी दोन जागा. तळव्याच्या बाजूला, अंगठ्याच्या फुगवट्याच्या मुळाशी एक छोटा उंचवटा लागतो, तो याच हाडाचं पुढचं टोक. आणि तिसरी चाचणी म्हणजे अंगठा धरून त्याच्या लांबीच्या दिशेनं मनगटाकडे हलकेच दाबणं. १९९८ साली ब्रिटनमधल्या दोनशेहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या चोवीस तासांत या तिन्ही खुणा एकत्र तपासल्या, तेव्हा एकही फ्रॅक्चर निसटलं नाही. उलट बाजूही सांगतो : तिन्ही दुखणाऱ्या काही जणांना फ्रॅक्चर नव्हतं. म्हणजे बोट संशय दाखवतं, शिक्कामोर्तब करत नाही.

माझ्या पेशंटच्या जुन्या केसपेपरवर लिहिलं होतं : ‘मनगटाला सूज, दुखणं, एक्स-रे नॉर्मल’. दुखणं नेमकं कुठे, ते लिहिलेलं नव्हतं.

टेलला पाणी का पोचत नाही

कॉडमन यांच्या पिढीला एक कोडं पडलं होतं. एवढंसं हाड, फट केसाएवढी, तरी ते जुळत का नाही? मांडीचं हाड मोडलं तरी जुळतं. जुनं, न जुळलेलं फ्रॅक्चर असेल तर त्या काळी सुटलेला तुकडा काढूनच टाकायचे. कॉडमनही तेच सुचवत.

उत्तर हळूहळू मिळालं. १९३८ साली ऑब्लेट्झ आणि हाल्बस्टाइन यांनी वाळलेली जवळपास तीनशे स्कॅफॉइड हाडं घेऊन त्यांच्यावर रक्तवाहिन्या आत शिरण्याची भोकं मोजली. सुमारे १३ टक्के हाडांत कमरेच्या मागच्या भागात एकही भोक नव्हतं. मग १९८० मध्ये गेल्बरमन आणि मेनन यांनी मृतदेहांच्या रक्तवाहिन्यांत रंग सोडून हा पुरवठा प्रत्यक्ष पाहिला. हाडाचा बहुतेक रक्तपुरवठा कमरेजवळच्या पाठीवरून आत शिरतो आणि तिथून उलटा, मनगटाच्या आतल्या टोकाकडे जातो. त्या टोकाला स्वतःची वेगळी वाहिनी नाहीच.

कालव्यावर शेती असलेल्यांना हे लगेच समजेल. कालवा मध्ये फुटला की वरच्यांचं भागतं, टेलचं शेत कोरडं राहतं. स्कॅफॉइड कमरेत मोडलं की टेलच्या तुकड्याचं पाणी तुटतं. जेवढं मोडणं टेलच्या जवळ, तेवढा धोका मोठा. काही वेळा तो तुकडा रक्ताविना मरतोही.

त्यात आणखी एक अडचण. या हाडाचा बहुतेक पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेनं झाकलेला असतो, कारण ते चहूबाजूंनी सांध्यांत बसलेलं आहे. इतर हाडांभोवती मोडल्यावर जी नव्या हाडाची गाठ धरते, ती इथे धरत नाही. भोवती सांध्यातलं पाणी, आणि प्रत्येक मुठीबरोबर दोन्ही तुकडे एकमेकांवर हलतात. आता कल्पना करा, अशा हाडाला आपण क्रेप बँडेज बांधतो आणि वरून चोळतो.

व्हिएन्नातलं प्लास्टर

डिसेंबर १९२५ मध्ये व्हिएन्नात लोरेन्झ ब्योलर यांनी फक्त अपघातांसाठीचं रुग्णालय सुरू केलं. तेही कामगारांच्या अपघात विम्याच्या पैशावर. ब्योलर शिस्तीचे, जवळपास लष्करी. त्यांचा आग्रह असा की हाड जुळेपर्यंत प्लास्टर काढायचं नाही, मग पेशंट कितीही कंटाळू दे. त्या काळी अनेक जण स्कॅफॉइडला तीन-चार आठवडे बांधून सोडून देत आणि मग ‘हे हाड जुळतच नाही’ म्हणत. ब्योलर म्हणत, तुम्ही त्याला वेळच दिला नाही. १९५४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ७३४ ताज्या फ्रॅक्चरचे निकाल छापले. वेळेवर ओळखलेली आणि सलग प्लास्टरमध्ये ठेवलेली बहुतेक सगळी जुळली होती. १९६१ मध्ये बर्मिंगहॅमच्या पी. एस. लंडन यांनी याच विषयावर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘निराशावादाविरुद्ध’ अशा अर्थाचे शब्द होते.

आजही कमरेतलं, न सरकलेलं ताजं फ्रॅक्चर साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये जुळतं. पेशंट हमखास विचारतात, “मोडलंय मनगटात, अंगठा कशाला अडकवता?” प्रश्न अगदी बरोबर आहे. १९९१ साली ब्रिटनमध्ये दोन्ही प्रकारच्या प्लास्टरची तुलना झाली. अंगठा आत घेतला काय नि मोकळा ठेवला काय, हाड जुळण्यात फरक पडला नाही. काही डॉक्टर अजूनही अंगठा घेतात, काही घेत नाहीत. यावरून त्यांच्याशी भांडू नका.

यंत्राची आंधळी जागा

पण प्लास्टर घालायला आधी फ्रॅक्चर आहे हे कळायला हवं ना? इथे गंमत झाली. एक्स-रेनं हे फ्रॅक्चर जगाला दाखवलं, आणि मग त्याच एक्स-रेवर इतका विश्वास बसला की त्यात दिसत नाही म्हणजे ते नाहीच, असं होऊ लागलं.

नेहमीच्या एक्स-रेत समोरून आणि बाजूनं अशी दोन चित्रं काढतात. स्कॅफॉइड तिरकं बसलेलं असल्यानं समोरून ते आखूड, दुमडल्यासारखं दिसतं आणि बाजूनं इतर हाडांच्या सावलीत लपतं. मनगट करंगळीकडे वळवून काढलेल्या जादा चित्रांत ते लांब पसरतं. म्हणून ‘मनगटाचा एक्स-रे’ आणि ‘स्कॅफॉइडचा एक्स-रे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय न सरकलेल्या ताज्या फ्रॅक्चरची रेघ पहिल्या दिवशी इतकी बारीक असते की चारही चित्रांत ती सुटू शकते.

यावर जुना तोडगा असा : खळगा दुखतोय आणि एक्स-रे स्वच्छ आहे, तर फ्रॅक्चर आहे असंच धरून प्लास्टर किंवा स्प्लिंट घालायचा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासून पुन्हा एक्स-रे काढायचा. तोवर मोडलेल्या कडांचं थोडं हाड विरघळून फट रुंद होते आणि दिसते. ही पद्धत स्वस्त आहे, तालुक्याच्या गावातही जमते. तिचा तोटाही मोठा आहे. अशा संशयितांपैकी बहुतेकांना फ्रॅक्चर नसतंच. म्हणजे अनेकांचे दोन आठवडे विनाकारण अडकतात, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्याला दोन आठवडे म्हणजे काय ते मी सांगायला नको. दुसरा एक्स-रेही कधी कधी फसवतो.

एमआरआयमध्ये मोडलेल्या हाडातली आतली सूज पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसते. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तर नीट तपासणीनंतर संशय असेल तर पहिली तपासणी म्हणूनच एमआरआयचा विचार करा, असं म्हटलं आहे. आपल्याकडे त्याला काही हजार रुपये लागतात. मी पेशंटला दोन्ही रस्ते सांगतो. ज्याचं काम हातावर चालतं, खेळाडू, वादक, किंवा ज्याची परीक्षा आहे, त्याला एमआरआय बहुधा परवडतो, कारण दोन आठवड्यांची मजुरी त्याहून महाग पडते. बाकीच्यांनी प्लास्टर घालून थांबणं यात काहीही कमीपणा नाही. चूक फक्त तिसऱ्या रस्त्यात आहे : क्रेप बँडेज आणि ‘दुखलं तर या’.

‘दुखलं तर या’ का चालत नाही? कारण मधल्या काळात दुखत नाही. माझ्या पेशंटचं तसंच झालं. न जुळलेलं हाड कित्येक महिने, कधी वर्षंही गप्प राहतं. १९८४ साली अमेरिकेत पाच ते त्रेपन्न वर्षं जुनी अशी न जुळलेली मनगटं तपासली गेली. आधी स्कॅफॉइड आणि रेडियसच्या टोकामधला सांधा झिजतो, मग ती झीज मनगटभर पसरते. विशीत पडलेला माणूस चाळिशीत आखडलेलं मनगट घेऊन येतो आणि पडल्याचं त्याला आठवतही नाही.

कॉडमन यांचं कार्ड

इथे मला पुन्हा कॉडमन यांच्याकडे जायचं आहे. हे गृहस्थ वैद्यकीय इतिहासात मनगटापेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचा आग्रह होता की प्रत्येक पेशंटचं एक कार्ड ठेवायचं आणि त्याला वर्षानं शोधून काढून विचारायचं, तू बरा झालास का? नसशील तर आमचं कुठे चुकलं? बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयात सहकाऱ्यांना हे पटलं नाही. १९१४ मध्ये त्यांनी तिथला राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातले १९११ ते १९१६ मधले ३३७ पेशंट आणि त्यांतल्या स्वतःच्या १२३ चुका त्यांनी चक्क छापून टाकल्या.

स्कॅफॉइड निसटतं ते याच कारणानं. ज्यानं पहिल्या दिवशी ‘मुका मार’ म्हटलं, त्याच्याकडे पेशंट परत जात नाही. तो अकरा महिन्यांनी दुसऱ्याकडे जातो. पहिल्या डॉक्टरला कधीच कळत नाही, त्यामुळे तो पुढच्या पेशंटलाही तेच सांगतो. हे लिहिताना माझ्याही मनात येतं की माझ्याकडून क्रेप बँडेज घेऊन गेलेले किती जण आज दुसऱ्या कुणाच्या ओपीडीत बसले असतील. आता मी दुखऱ्या खळग्याच्या प्रत्येक पेशंटला बाराव्या दिवसाची तारीख लिहून देतो आणि तो आला नाही तर फोन करतो. कॉडमन यांच्यापुढे हे काहीच नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं

अकरा महिने जुन्या फटीला नुसतं प्लास्टर पुरत नाही. १९३७ साली स्वित्झर्लंडच्या मात्ती यांनी अशा फटीत दुसरीकडून आणलेलं मऊ हाड भरायला सुरुवात केली, १९६० मध्ये व्हिएन्नाच्या ओटो रुसे यांनी ती पद्धत सुधारली. पण नंतर महिनोन् महिने प्लास्टर लागायचं. मग ऑस्ट्रेलियाचे टिमोथी हर्बर्ट यांनी १९८४ मध्ये एका नव्या स्क्रूचे निकाल छापले. त्याला डोकं नसतं, त्यामुळे तो पूर्ण हाडाच्या आत बुडतो आणि सांध्याला घासत नाही. दोन्ही टोकांना आटे, पुढचे विरळ, मागचे दाट. प्रत्येक फेऱ्यात पुढचं टोक जास्त सरकतं, मागचं कमी, आणि दोन्ही तुकडे आपोआप एकमेकांवर आवळले जातात. मला अजूनही हा स्क्रू हातात घेतला की कौतुक वाटतं.

याचा अर्थ प्रत्येक ताज्या फ्रॅक्चरला स्क्रू हवा असा नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ४३९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमरेतलं, दोन मिलिमीटरपर्यंत सरकलेलं ताजं फ्रॅक्चर. निम्म्यांना लगेच ऑपरेशन, निम्म्यांना प्लास्टर, आणि प्लास्टरमध्ये जुळलं नाही तरच ऑपरेशन. वर्षानंतर दोन्ही गटांच्या मनगटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. वेळेवर ओळखलं असतं तर या मुलाचं काम बहुधा प्लास्टरवरच भागलं असतं.

आधी एमआरआय केला. टेलचा तुकडा जिवंत होता, झीजही सुरू झाली नव्हती. ऑपरेशनमध्ये फट खरवडून साफ केली, कमरेच्या हाडातून थोडा मऊ भाग काढून तिथे भरला आणि स्क्रू घातला. सहा आठवडे प्लास्टर, मग काढता येणारा पट्टा. चौथ्या महिन्यात सीटी स्कॅन केला, तेव्हा फटीच्या बऱ्याचशा भागात हाड धरलेलं दिसलं. त्या वर्षीची भरती अर्थातच गेली. वडिलांना त्याचं फार लागलं. त्यांनी तपासणीच्या खोलीत मला विचारलं, “डॉक्टर, त्या दिवशी मी काय विचारायला हवं होतं?”

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. पसरलेल्या हातावर पडल्यावर अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल, तर डॉक्टरांना खळगा बोटानं दाखवा आणि विचारा, “हे स्कॅफॉइड असू शकेल का? त्याचे वेगळे फोटो काढले का?” एक्स-रे नॉर्मल आला तर विचारा, “पुन्हा कधी दाखवायला येऊ?” आणि दुखणं थांबलं तरी त्या तारखेला जा. तोवर चोळू नका, शेकू नका, वजन उचलू नका. बोटं बधिर झाली किंवा मनगट उघड वाकडं दिसलं, तर मात्र तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

मुलगा परवा तपासणीला आला होता. मनगट मागे वाकवताना उजवं डाव्यापेक्षा थोडं कमी जातं, आणि ते बहुधा तसंच राहील. गोळा सहा महिने झाल्यावर हळूहळू सुरू करायला सांगितलं होतं, आता सराव नियमित चालू आहे. जाताना त्यानं टेबलावर तळहात टेकवून जोर मारून दाखवला. मूठ न वळता.